पदे शून्याकडे जातात, बेरीज कुठे जाते?

बीएस्सीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही एक उत्तर हमखास भेटते. प्रश्न असतो: 1/√n या पदांची अनंत श्रेढी अभिसारी आहे का? उत्तर लिहिलेले असते: n वाढत गेला की 1/√n शून्याकडे जाते, म्हणून श्रेढी अभिसारी आहे. पहिले विधान अचूक आहे. दुसरे चूक आहे, आणि पहिल्यावरून ते निघतही नाही. खरे म्हणजे या प्रश्नाचा निकाल एका ओळीत लागतो. पहिल्या n पदांतले सर्वांत लहान पद शेवटचे, म्हणजे 1/√n. म्हणून त्या n पदांची बेरीज निदान n × 1/√n, म्हणजे √n, तरी होतेच. आणि √n ला वरची मर्यादा नाही.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. अभ्यास केलेली, हुशार मुलेही ती करतात, कारण तिच्यामागे मनाला पटणारी एक कल्पना असते: मिळवायचे ते जवळजवळ काहीच उरले नाही, तर बेरीज कुठेतरी थांबलीच पाहिजे. ही कल्पना नेमकी कुठे तुटते, आणि ‘पदे पुरेशी लवकर लहान झाली पाहिजेत’ अशी तिची डागडुजी करता येते का, हे पाहू. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नील्स हेन्रिक आबेल या नॉर्वेजियन गणितज्ञाने 1828 मध्ये दिले. माझ्या मते ते प्रत्येक वर्गात शिकवले जावे इतके सोपे आणि खोल आहे.

आधी कसोटी काय म्हणते ते पाहू. श्रेढीच्या पहिल्या n पदांची बेरीज म्हणजे आंशिक बेरीज S_n. S_1, S_2, S_3 ही क्रमिका एखाद्या ठरावीक संख्येकडे जात असेल, तर श्रेढी अभिसारी. नसेल तर अपसारी. आता n वे पद म्हणजे लागोपाठच्या दोन आंशिक बेरजांतला फरक: a_n = S_n − S_(n−1). श्रेढी अभिसारी असेल तर या दोन्ही बेरजा एकाच संख्येकडे जातात, म्हणून त्यांचा फरक शून्याकडे जातो. सिद्धता इतकीच. उलट बाजूने वाचले की कसोटी मिळते: पदे शून्याकडे जात नसतील तर श्रेढी अपसारी असते. पदे शून्याकडे जात असतील, तर मात्र ही कसोटी कोणताच निर्णय देत नाही.

तिच्या हद्दीत ती फार उपयोगी आहे आणि हे सांगायलाच हवे, नाहीतर विद्यार्थी तिला नुसती औपचारिकता समजतात. ज्याचे n वे पद (n/(n+1))^n आहे अशी श्रेढी घ्या. घात दिसला की विद्यार्थी n वे मूळ काढण्याच्या कसोटीकडे धावतात. मूळ काढल्यावर n/(n+1) उरते, त्याची सीमा 1 येते, आणि सीमा नेमकी 1 आली की ती कसोटी गप्प बसते. पण नुसते पदाकडे पाहिले तर त्याची सीमा 1/e, म्हणजे सुमारे 0.368. दर वेळी बेरजेत जवळपास 0.368 ची भर पडत राहते, तेव्हा श्रेढी अपसारी आहे हे उघड झाले. n·sin(1/n) चेही तसेच: दिसायला गुंतागुंतीचे, पण सीमा 1. याच जागी आणखी एक घोटाळा होतो. पदाची सीमा 1 आली की काही जण ‘श्रेढी 1 कडे अभिसारी’ असे लिहून मोकळे होतात. पदांची क्रमिका आणि आंशिक बेरजांची क्रमिका या दोन वेगळ्या क्रमिका आहेत. एकीची सीमा दुसरीच्या नावावर लिहिली की कोणतीच कसोटी वाचवू शकत नाही.

आता मूळ चुकीकडे येऊ. पाठ्यपुस्तके इथे लगेच हरात्मक श्रेढी आणतात: 1 + 1/2 + 1/3 + 1/4 + … उदाहरण थोर आहे, पण सुरुवात त्याने करू नये असे मला वाटते. कारण ते एखाद्या विचित्र अपवादासारखे लक्षात राहते, आणि मुले ‘हरात्मक सोडून बाकी ठीक’ असा नियम मनात धरतात. त्याऐवजी उलट्या बाजूने सुरुवात करावी. आधी आंशिक बेरीज ठरवायची आणि मग पदे काढायची. S_n = √n घ्या. मग पहिले पद 1, दुसरे √2 − 1, तिसरे √3 − √2, आणि n वे पद √n − √(n−1). मधली सगळी मुळे एकमेकांना छेदतात आणि n पदांची बेरीज बरोबर √n उरते. दहा हजार पदांची बेरीज 100 आहे आणि त्यातले शेवटचे पद सुमारे 0.005. दहा लाख पदांची बेरीज 1000, शेवटचे पद सुमारे 0.0005. पदे शून्याकडे जातात, बेरीज अनंताकडे जाते, आणि दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर एकाच वेळी घडताना दिसतात.

या उदाहरणाने चुकीचे मूळ उघडे पडते. पद शून्याकडे जाते याचा अर्थ इतकाच की लागोपाठच्या दोन आंशिक बेरजा एकमेकींच्या जवळ येतात. अभिसरणासाठी त्याहून कितीतरी मोठी गोष्ट लागते: एका ठिकाणानंतरच्या सगळ्याच आंशिक बेरजा, मग त्यांच्यात हजार पदांचे अंतर असो की अब्ज पदांचे, एकमेकींच्या हव्या तितक्या जवळ असायला हव्यात. सावकाश पण न थांबता वाढणारी कोणतीही क्रमिका घ्या, √n घ्या, log n घ्या, log(log n) घ्या. तिचे लागोपाठचे फरक हीच श्रेढीची पदे धरली की प्रत्येक वेळी एक नवे प्रतिउदाहरण तयार. म्हणजे हरात्मक श्रेढी हा अपवाद नव्हे. अशा श्रेढ्या हव्या तितक्या बनवता येतात.

हे लक्षात घेऊन हरात्मक श्रेढीकडे पाहिले की तिचा पुरावा जास्त बोलका होतो. चौदाव्या शतकाच्या मध्याला, 1350 च्या आसपास, निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने तो दिला. 1/3 + 1/4 ही बेरीज 1/2 पेक्षा मोठी आहे, कारण दोन्ही पदे निदान 1/4 आहेत. पुढची चार पदे, 1/5 ते 1/8, निदान 1/8 प्रत्येकी, म्हणून त्यांचीही बेरीज 1/2 पेक्षा मोठी. मग आठ पदे, मग सोळा. प्रत्येक गट अर्ध्याची भर घालतो आणि गट कधी संपत नाहीत. हा पुरावा पुढे विस्मरणात गेला. इटलीत पिएत्रो मेंगोली याने 1650 मध्ये वेगळ्या रीतीने तीच गोष्ट सिद्ध केली, आणि 1689 मध्ये याकोब बर्नुली याने अनंत श्रेढ्यांवरच्या आपल्या प्रबंधात धाकटा भाऊ योहान याचा पुरावा त्याच्या नावाने छापला. 1821 मध्ये कोशीने आपल्या विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकात हे चोख शब्दांत मांडले: सामान्य पद शून्याकडे जाणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

मग इतक्या जुन्या गोष्टीत अजून गफलत का होते? एक कारण असे की आकडे स्वतःच फसवतात. हरात्मक बेरीज 5 च्या पुढे जायला 83 पदे लागतात. 10 ओलांडायला 12,367 पदे, आणि 20 ओलांडायला 27 कोटी 24 लाख 600. 100 ओलांडायला जितकी पदे लागतात ती संख्या 44 अंकी आहे. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या कोणालाही बेरीज थांबली असेच वाटेल. संगणक तर ती खरोखरच थांबवतो. सी भाषेतला हा तुकडा पाहा; एकेरी अचूकतेच्या संख्या वापरून तो हरात्मक बेरीज बदलायची थांबेपर्यंत पदे मिळवतो:

```c
float s = 0.0f, t;
long n = 1;
while ((t = s + 1.0f / n) != s) {
    s = t;
    n++;
}
printf("%ld %.4f\n", n, s);
```

नेहमीच्या यंत्रावर तो सुमारे 21 लाख पदांपाशी थांबतो आणि 15.4037 हे उत्तर देतो. या आकड्यात दोन वेगळे दोष आहेत. एकेरी अचूकतेत 8 ते 16 मधल्या लागोपाठच्या दोन संख्यांत 2^(−20) इतके अंतर असते. मिळवायचे पद त्याच्या निम्म्यावर आले की बेरीज पूर्णांकनात पुन्हा जुन्याच संख्येवर येऊन बसते, आणि n = 2^21 = 20,97,152 ला हीच वेळ येते. दुसरा दोष असा की तोवरची खरी बेरीज सुमारे 15.13 आहे, लाखो वेळा केलेल्या पूर्णांकनाने यंत्राची बेरीज आधीच फुगलेली आहे. दुहेरी अचूकता वापरली तर बेरीज 34 च्या आसपास अडकते आणि त्यासाठी सुमारे 2.8 × 10^14 पदे लागतात. सेकंदाला शंभर कोटी पदे मिळवली तरी तीन दिवसांहून जास्त वेळ जाईल, आणि उत्तर चूकच असेल. स्क्रीनवरची बेरीज थांबली म्हणून श्रेढी अभिसारी ठरत नाही; पद यंत्राच्या नजरेआड गेले, एवढेच त्यावरून कळते.

आकड्यांतून काही कळायचेच असेल तर शेवटच्या पदाकडे न पाहता पदांची संख्या दुप्पट केल्यावर बेरीज कितीने वाढते ते पाहावे. 1/n² साठी ही वाढ दर दुपटीला जवळपास निम्मी होत जाते. हरात्मक श्रेढीत हजारापासून दोन हजारांपर्यंतची वाढ 0.693 च्या आसपास आहे, दहा लाखांपासून वीस लाखांपर्यंतचीही तेवढीच. ओरेमचे गट इथे आकड्यांत दिसतात.

इथे विचार करणारा विद्यार्थी एक डागडुजी सुचवतो. ठीक आहे, तो म्हणतो, 1/n हा काठ धरू. पद 1/n पेक्षा खूप लवकर लहान होत असेल, म्हणजे n·a_n सुद्धा शून्याकडे जात असेल, तर श्रेढी अभिसारी म्हणावी. प्रस्ताव शहाणपणाचा आहे, आणि तो छापूनही आला होता. लुई ऑलिव्हिए याने 1827 मध्ये बर्लिनहून निघणाऱ्या क्रेले यांच्या नियतकालिकात धन पदांच्या श्रेढीसाठी नेमका हाच निकष मांडला: n·a_n शून्याकडे जात असेल तर अभिसारी, नसेल तर अपसारी. पुढच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, आबेलने तो खोडून काढला. तेव्हा आबेल पंचविशीत होता आणि त्याला जेमतेम वर्षभराचे आयुष्य उरले होते.

त्याचे प्रतिउदाहरण होते 1/(n log n). इथे n·a_n = 1/log n, जे शून्याकडे जाते; म्हणजे ऑलिव्हिएच्या मते श्रेढी अभिसारी. पण log(log(n+1)) आणि log(log n) यांतला फरक 1/(n log n) पेक्षा लहान असतो. हे दाखवायला log(1+x) < x एवढी असमता दोनदा वापरली की पुरते. हे फरक एकामागून एक मिळवले की मधले सगळे छेदून जातात, √n च्या उदाहरणात गेले तसेच, आणि बेरजेला खालून log(log n) चा रेटा मिळतो. log(log n) वाढतो अनंताकडेच, फक्त असह्य संथपणे. n = 2 पासून दहा लाखांपर्यंतची बेरीज सुमारे 3.42 होते. ती 10 च्या पलीकडे न्यायची तर n ला चार हजारांहून अधिक अंकी संख्येपर्यंत पोचावे लागते.

दुप्पट करून पाहण्याची युक्तीही इथे हरते. हजारापासून दोन हजारांपर्यंतची वाढ 0.1 हून थोडी कमी, आणि पुढे दर दुपटीला ती घटत घटत शून्याकडे जाते. पण दुप्पट करण्याऐवजी n चा वर्ग करून पाहा: हजारापासून दहा लाखांपर्यंतची वाढ सुमारे 0.693, दहा लाखांपासून 10^12 पर्यंतचीही तेवढीच, तिथून 10^24 पर्यंतचीही. गट फार लांब झाले आहेत, पण प्रत्येक गट तीच भर घालतो.

ही श्रेढी वर्गासाठी मुद्दाम घडवलेली वाटेल, म्हणून तिची निसर्गातली बहीण सांगतो. n वी मूळ संख्या साधारण n log n एवढी असते, त्यामुळे मूळ संख्यांच्या व्यस्तांची श्रेढी, 1/2 + 1/3 + 1/5 + 1/7 + …, नेमकी याच चालीने चालते. ती अपसारी आहे हे ऑयलरने 1737 मध्ये दाखवले. तिचा संथपणा असा की बेरीज 4 च्या पुढे जायला सुमारे 1.8 × 10^18 पर्यंतच्या सर्व मूळ संख्या घ्याव्या लागतात. पदे पाहून किंवा आकडेमोड करून हिचा अपसारीपणा कोणाला कधी कळला असता, असे मला वाटत नाही.

आता डागडुजी पुढे रेटता येईल: n नको, n log n ने गुणून पाहू. मग 1/(n log n log(log n)) ही श्रेढी आडवी येते. तिलाही काठ धरले तर पुढची. आबेलने इथे एकेक उदाहरण देत बसण्याऐवजी सगळ्या वाटा एकदम बंद केल्या.

समजा असा एखादा गुणक φ(n) आहे की धन पदांच्या कोणत्याही श्रेढीसाठी φ(n)·a_n शून्याकडे गेले तर अभिसारी आणि नाही गेले तर अपसारी, असा निर्णय नेहमी बरोबर येतो. प्रथम a_n = 1/φ(n) ही श्रेढी घेऊ. गुणाकार सतत 1 आहे, शून्याकडे जात नाही, म्हणून ही श्रेढी अपसारी. म्हणजे तिच्या आंशिक बेरजा S_n अनंताकडे जातात. आता प्रत्येक पदाला त्या ठिकाणच्या आंशिक बेरजेने भागू. नवे पद 1/(φ(n)·S_n). याला φ(n) ने गुणले की 1/S_n उरते आणि ते शून्याकडे जाते. तेव्हा कसोटीनुसार नवी श्रेढी अभिसारी असायला हवी.

ती तशी नाही. N नंतरच्या पदापासून M व्या पदापर्यंतचा एक गट घ्या. गटातल्या प्रत्येक पदाचा भाजक S_n हा S_M पेक्षा मोठा नाही, म्हणून गटाची बेरीज निदान (S_M − S_N)/S_M, म्हणजेच 1 − S_N/S_M, इतकी आहे. S_n अनंताकडे जात असल्याने M पुरेसा पुढे नेऊन S_M ला S_N च्या दुपटीवर नेता येते, आणि मग गटाची बेरीज निदान 1/2 भरते. त्यानंतर पुढचा गट, पुन्हा निदान 1/2. नवी श्रेढी अपसारी आहे, कसोटी तिला अभिसारी म्हणते, आणि गुणक φ(n) कोसळतो. φ(n) = n घेतले तर ही रीत हरात्मक श्रेढीच्या पदांना हरात्मक बेरजांनी भागते. त्या बेरजा log n सारख्या वाढतात, म्हणून पुन्हा 1/(n log n) ची चाल हाती येते.

या प्रमेयाची मर्यादा नीट सांगितली पाहिजे, कारण त्याचाही चुकीचा अर्थ लावला जातो. पदे लहान असण्यावरून अभिसरण कधीच सिद्ध होत नाही, असे आबेल म्हणत नाही. धन पदे 1/n² पेक्षा लहान राहत असतील तर श्रेढी अभिसारीच आहे. तुलनेच्या कसोट्या याच आधारावर उभ्या आहेत. 1/(n (log n)²) ही श्रेढीही अभिसारी आहे आणि तिची बेरीज n = 2 पासून सुमारे 2.11 येते. आबेल म्हणतो ते इतकेच की अभिसारी श्रेढ्या एका बाजूला आणि अपसारी दुसऱ्या बाजूला टाकणारा, पदांच्या वेगाचा एकही काठ नाही. त्याने दाखवलेल्या रीतीने कोणत्याही अपसारी श्रेढीतून तिच्याहून संथ अपसारी श्रेढी काढता येते. अभिसारी बाजूलाही तीच स्थिती आहे: उरलेल्या शेपटीच्या वर्गमुळाने पदांना भागले की आणखी संथ अभिसारी श्रेढी मिळते.

ऑलिव्हिएच्या निकषाचा दुसरा अर्धा भाग मात्र थोड्या दुरुस्तीने वाचतो, आणि तो वर्गात फारच कमी सांगितला जातो. धन पदे सतत उतरती असतील आणि श्रेढी अभिसारी असेल, तर n·a_n शून्याकडे जाते. कारण n/2 पासून n पर्यंतच्या पदांपैकी प्रत्येक निदान a_n आहे, त्यांची बेरीज निदान (n/2)·a_n, आणि अभिसारी श्रेढीत असा गट शून्याकडेच जातो. म्हणजे उतरत्या पदांसाठी अपसरणाची अधिक धारदार कसोटी मिळाली: n·a_n शून्याकडे जात नसेल तर श्रेढी अपसारी. हरात्मक श्रेढी इथे एका झटक्यात निकालात निघते, कारण n·a_n = 1; लेखाच्या सुरुवातीची 1/√n चीही तशीच. उतरतेपणाची अट सोडता येत नाही. n पूर्ण वर्ग असेल तेव्हा पद 1/n आणि एरवी शून्य, अशी श्रेढी घ्या. n·a_n अनंत वेळा 1 होते, तरी बेरीज 1 + 1/4 + 1/9 + … म्हणजे अभिसारी.

उरला चिन्हे बदलणाऱ्या श्रेढ्यांचा प्रश्न, आणि तिथे ही चूक वेगळा पोशाख घालून येते. लाइब्निट्झची कसोटी सांगते की चिन्हे आलटून-पालटून येत असतील, पदांची मापे उतरती असतील आणि शून्याकडे जात असतील, तर श्रेढी अभिसारी असते. 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + … ही π/4 देणारी श्रेढी, जी केरळच्या माधवाच्या परंपरेत लाइब्निट्झच्या आधी माहीत होती, अशीच अभिसारी ठरते. शून्याकडे जाणारी पदे इथे खरोखर पुरतात असे पाहून विद्यार्थी उतरतेपणाची अट विसरतात. 1 − 1 + 1/2 − 1/4 + 1/3 − 1/9 + 1/4 − 1/16 + … ही श्रेढी पाहा. चिन्हे आलटून-पालटून आहेत, पदे शून्याकडे जातात. पण धन पदांची बेरीज हरात्मक आहे आणि ऋण पदांची बेरीज π²/6, म्हणजे 1.645 च्या पलीकडे कधी जात नाही. जोड्यांनी मिळवत गेलात तर दोन हजार पदांनंतर बेरीज सुमारे 7.485 − 1.644, म्हणजे 5.84 येते, आणि तिथून ती हरात्मक श्रेढीच्याच चालीने वर चढत राहते.